"ठोके नाहीत" ऐकल्यावर त्याच दिवशी गोळ्या घेऊ नका. आधी रिपोर्टातले आकडे विचारा.

थोडं लांब लिहितेय, पण हे एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते, रोज सोनोग्राफी करते. दर महिन्याला दोन-तीन जोडपी हातात एक रिपोर्ट घेऊन येतात. सहा-सात आठवडे झालेले असतात, कुठेतरी पहिली सोनोग्राफी झालेली असते आणि सांगितलेलं असतं, "पिशवी रिकामी आहे, ठोके आलेले नाहीत, धुऊन टाका." काहींच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीटसुद्धा असतं. विचारायला आलेल्या असतात त्या एवढंच की, "मॅडम, आज घेऊ की उद्या?"

यातल्या बऱ्याच जणींचा गर्भ खरंच वाढलेला नसतो. पण काही जणींचा वाढत असतो, फक्त तो अजून दिसण्याइतका मोठा झालेला नसतो. आणि या दोघी पहिल्या सोनोग्राफीत हुबेहूब सारख्या दिसू शकतात. माझं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे.

आधी दिसतं काय ते समजून घेऊ. सुरुवातीच्या दिवसांत पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला मधली चरबी, आतडी, मूत्राशय ओलांडून बघावं लागतं. आतून, म्हणजे योनीमार्गातून केली की प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ जातो आणि चित्र स्पष्ट येतं. पोटावरून जे दिसायला साधारण आठवडा जास्त लागतो, ते आतून आधी दिसतं. यासाठी लघवी करून मूत्राशय रिकामं ठेवायचं असतं, पोटावरच्या सोनोग्राफीच्या उलट. प्रोबला निरोध चढवलेला असतो. तो योनीतच राहतो, गर्भाशयाच्या तोंडातून आत जात नाही. "आतून केली म्हणून पडलं" हे मी इतक्यांदा ऐकलंय की स्पष्टच सांगते, त्याने गर्भ पडत नाही. आणि "आतून करतात म्हणजे मुलगा-मुलगी बघतात" हाही गैरसमज काढून टाका. या वयात सगळ्या गर्भांचे बाह्य अवयव सारखेच असतात, बघण्यासारखं काही नसतंच. लिंगनिदान गुन्हा आहे आणि या सोनोग्राफीचासुद्धा फॉर्म एफ भरावाच लागतो.

आता क्रम. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, हे लक्षात ठेवा. साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाशयाच्या अस्तरात एक छोटा काळा गोल दिसतो, दोन-तीन मिलिमीटरचा. हा गर्भकोश, रिपोर्टात त्याला जी सॅक किंवा जीएस लिहितात. साडेपाच आठवड्यांच्या सुमाराला त्या गोलात आणखी एक छोटं कडं दिसतं, अंगठीसारखं. ती योक सॅक. सहाव्या आठवड्याच्या आसपास त्या अंगठीला चिकटून तांदळाच्या कणीएवढा गर्भ दिसतो आणि त्यात लुकलुकल्यासारखी हालचाल. तेच ठोके. पुष्कळदा गर्भ मोजता येण्याआधीच ती लुकलुक दिसते.

हा क्रम ठरलेला आहे: कोश, अंगठी, गर्भ, ठोके. वेळेत मात्र अर्धा आठवडा इकडे तिकडे होतो. आणि हा अर्धा आठवडासुद्धा तारीख बरोबर असेल तरचा.

इथेच पहिली गोची होते. पाळी बरोबर 28 दिवसांची असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि आठवड्यांचा हिशोब जुळतो. पण किती जणींची पाळी अशी घड्याळासारखी असते? पीसीओडी असलेल्या मुली, बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायका, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या बंद केलेल्या, यांचं बीज दहा-पंधरा दिवस उशिरासुद्धा येतं. तारखेने सात आठवडे होतात, पण गर्भ खरा पाचच आठवड्यांचा असतो. कोणी लबाडी केलेली नसते, कॅलेंडर तिच्या शरीराला विचारून छापलेलं नसतं, एवढंच.

एक उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, हिशोब खरा आहे. 3 जूनला पाळी आली. या ताईंचं चक्र चाळीस दिवसांचं, हे त्यांना स्वतःला माहीत होतं, पण कोणी विचारलंच नव्हतं. 23 जुलैला एका ठिकाणी आतून सोनोग्राफी झाली. तारखेने झाले 50 दिवस, म्हणजे सात आठवडे एक दिवस. गर्भकोश दिसला, योक सॅक नाही, गर्भ नाही. सात आठवड्यांना ठोके दिसायलाच हवेत, ते नाहीत, म्हणून रिपोर्टात प्रश्नचिन्ह घालून "ब्लायटेड ओव्हम" लिहिलं. तोंडी सांगताना ते प्रश्नचिन्ह गळून पडलं. सासूबाई म्हणाल्या, लवकर मोकळं केलेलं बरं.

माझ्याकडे आल्यावर मी रिपोर्टातली मापं बघितली. कोश 10, 8 आणि 6 मिलिमीटर. तिन्हींची बेरीज 24, भागिले तीन, सरासरी 8. याला एमएसडी म्हणतात, कोशाचा सरासरी व्यास. आता चक्र चाळीस दिवसांचं, म्हणजे बीज चौदाव्याऐवजी सव्विसाव्या दिवसाच्या आसपास आलं असणार. बारा दिवस उशिरा. 50 मधून 12 वजा केले की उरतात 38 दिवस, साडेपाच आठवडे. आणि एक ढोबळ हिशोब आम्ही वापरतो: कोशाचा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये, त्यात 30 मिळवले की दिवस येतात. 8 आणि 30, 38. दोन्ही वाटांनी आकडा एकच आला. साडेपाच आठवड्यांना आठ मिलिमीटरच्या कोशात नुसती पोकळी दिसणं यात काहीच विचित्र नाही.

म्हणून त्यांना गोळ्या नाहीत, सलाईन नाही, "पिशवी टिकायची" इंजेक्शनंसुद्धा नाहीत. फक्त पुढची तारीख दिली, 6 ऑगस्ट. त्या दिवशी गर्भ 10 मिलिमीटरचा होता आणि ठोके दिसत होते.

"म्हणजे मॅडम, नेहमी थांबायचं?" नाही. आणि हा लेख फक्त "आशा सोडू नका" म्हणण्यासाठी नाहीये. गर्भ वाढलेला नाही हे खात्रीने सांगता येतं, त्याचे निकष ठरलेले आहेत. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञगटाचे निकष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. आजही जगभर साधारण तेच वापरले जातात. आतून केलेल्या सोनोग्राफीत पुढच्या चारपैकी एक गोष्ट दिसली, तर निदान पक्कं:

1. गर्भाची लांबी (रिपोर्टात सीआरएल) 7 मिलिमीटर किंवा जास्त आहे, आणि ठोके नाहीत.
2. कोशाचा सरासरी व्यास 25 मिलिमीटर किंवा जास्त आहे, आणि आत गर्भ नाही.
3. पहिल्या वेळी कोश होता पण योक सॅक नव्हती. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसत नाही.
4. पहिल्या वेळी कोशात योक सॅक होती. 11 दिवस किंवा जास्त दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसत नाही.

बघा, यात "सात आठवडे झाले तरी ठोके नाहीत" असा निकष कुठेही नाही. पाळीच्या तारखेवरून शंका घेता येते, निकाल देता येत नाही. कारण तारीख ही सांगोवांगीची गोष्ट आहे आणि मिलिमीटर डोळ्यांसमोर मोजलेले असतात. दोन सोनोग्राफींमधले दिवस तर त्याहून पक्के. पहिली केव्हा झाली, दुसरी केव्हा झाली, यात कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, 7 आणि 25 हेच आकडे का? हे समजलं की डॉक्टर थांबायला का सांगतो तेही समजेल. आधी अनेक ठिकाणी गर्भाला 5 मिलिमीटर आणि कोशाला 16 मिलिमीटर अशी मर्यादा वापरत. म्हणजे 5 मिलिमीटरच्या गर्भात ठोके नसले की गर्भ गेला असं धरत. पण ती मर्यादा फार थोड्या स्त्रियांच्या अभ्यासावर उभी होती. पुढे मोठे अभ्यास झाले तेव्हा असे काही गर्भ सापडले, जे पाच-सहा मिलिमीटरचे असताना ठोके दिसले नव्हते आणि पुढे व्यवस्थित वाढले. त्यात मोजणाऱ्याचा हात आला. तोच गर्भ दोन डॉक्टरांनी मोजला तर मापात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. एकाचे 6 मिलिमीटर दुसऱ्याच्या हातात 6.9 होऊ शकतात. म्हणून रेघ 7 वर ओढली. कोशाचंही तसंच. एकाचे 21 दुसऱ्याचे 25 होऊ शकतात, म्हणून रेघ 25 वर. या रेघा मुद्दाम लांब ओढल्यात, जेणेकरून एकही जिवंत गर्भ चुकून पलीकडे सापडू नये.

आयर्लंडमध्ये 2010 साली हे चव्हाट्यावर आलं. एका बाईला गर्भ गेल्याचं सांगून औषध दिलं होतं. तिला खात्री वाटेना म्हणून तिने दुसरीकडे सोनोग्राफी केली तर ठोके होते. तिने जाहीर बोलल्यावर तसाच अनुभव आलेल्या आणखी बायका पुढे आल्या, सरकारी यंत्रणेला देशभर चौकशी करावी लागली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्येही मर्यादा वाढवून 7 आणि 25 केल्या. म्हणजे चूक खेड्यातल्या डॉक्टरांकडूनच होते असं समजू नका. यंत्रं भारी असली तरी घाई माणसाचीच असते.

मग रेघेच्या अलीकडे काय? गर्भ 7 मिलिमीटरपेक्षा लहान आणि ठोके नाहीत, किंवा कोश 16 ते 24 मिलिमीटर आणि आत गर्भ नाही, तर ती शंका. शंकेचं उत्तर गोळी नसून तारीख आहे, आणि ती सात ते दहा दिवसांनंतरची. दोन दिवसांनी बोलावून काही उपयोग नसतो. या काळात गर्भ साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दोन दिवसांतला फरक मोजणाऱ्याच्या हातातल्या फरकात हरवून जातो. काही जणी काळजीने दर तिसऱ्या दिवशी वेगवेगळ्या सेंटरला जातात. प्रत्येक ठिकाणी माप थोडं वेगळं येतं आणि गोंधळ वाढतो. एक आठवडा थांबा, जमलं तर त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करा.

थांबण्यात धोका किती? गर्भ जिवंत असेल तर थांबल्याने काहीच बिघडत नाही. गेलेला असेल तर आठ-दहा दिवस तो पोटात राहिल्याने "विष पसरतं" ही भीती खरी नाही. या काळात रक्तस्राव सुरू होऊ शकतो, ते मात्र आधी सांगून ठेवलं पाहिजे. तासाला दोन-दोन पॅड भिजायला लागले, ताप आला, तर रात्री-अपरात्रीसुद्धा निघायचं.

आणि एक परिस्थिती अशी की तिथे थांबायचं नाही. "पिशवी रिकामी" या आपल्या शब्दाने इथे घोटाळा होतो. आपण गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि आतल्या गर्भकोशालाही. कोश रिकामा असणं वेगळं आणि गर्भाशयच रिकामं असणं वेगळं. तपासणी पॉझिटिव्ह आहे, पण गर्भाशयात कोशच दिसत नाही, तर गर्भ फार लहान असेल, पडून गेला असेल, किंवा नळीत असेल. नळीतला गर्भ फुटला तर जिवावर बेततं. एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, असं काही असेल तर वर लिहिलेलं "थांबा" तुमच्यासाठी नाही. म्हणून डॉक्टर "पिशवी रिकामी" म्हणाले की लगेच विचारा, "कोणती पिशवी?"

आता दुसरी बाजू, कारण तीही मी रोज बघते. निकष पूर्ण झाल्यावरसुद्धा घरचे मानत नाहीत. एका ताईंच्या पहिल्या सोनोग्राफीत 15 मिलिमीटरचा कोश, आत योक सॅक. बारा दिवसांनी कोश 19 मिलिमीटर, योक सॅक आहे, पण ठोके असलेला गर्भ नाही. कोश अजून 25 च्या आत आहे, बरोबर. पण चौथा निकष बघा. योक सॅक दिसल्यावर 11 दिवस उलटून गेलेत. निदान झालं. तरी त्यांना तिसरी, चौथी सोनोग्राफी करायला लावली, मधे कुठूनतरी "ठोके यायची" इंजेक्शनं दिली. थांबलेला गर्भ सुरू करणारं इंजेक्शन जगात नाही. त्या तीन आठवड्यांत त्या बाईने जे सोसलं ते टाळता आलं असतं. एका सोनोग्राफीवर निकाल लावणं जितकं चूक, तितकंच निकाल लागल्यावर तो न सांगणंही चूक.

निकाल लागला की घाईचं कारण उरत नाही. आपोआप पडायची वाट बघता येते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेता येतात, किंवा नळीने ओढून गर्भाशय साफ करता येतं. जुनं क्युरेटिंग, म्हणजे खरवडणं, आता शक्यतो टाळायचं असतं. कोणता मार्ग घ्यायचा हे त्या बाईने ठरवायचं, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आधी डॉक्टरांना सांगायचा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी: इतक्या लवकर गर्भ थांबण्यामागे निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांतला दोष असतो, जो गर्भ राहतानाच ठरलेला असतो. पपई, स्कूटी, जिना, ऑफिसची बस, यांनी तो थांबलेला नसतो. सुनेची उलटतपासणी बंद करा.

आता माझी मागणी. ती तुमच्याकडेही आहे आणि माझ्या व्यवसायबंधूंकडेही.

सुरुवातीच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टावर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. सोनोग्राफी पोटावरून केली की आतून. कोशाची तिन्ही मापं आणि सरासरी. योक सॅक आहे की नाही. गर्भ असेल तर त्याची लांबी आणि ठोके दिसले की नाही. नुसतं "ब्लायटेड ओव्हम" किंवा "मिस्ड ॲबॉर्शन" लिहिलेला, मापं नसलेला रिपोर्ट हा रिपोर्टच नाही. त्यावरून दुसरा डॉक्टर काहीही तपासू शकत नाही. आणि निकष पूर्ण होत नसतील तर रिपोर्टाच्या खाली पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहावी, "क्लिनिकल कोरिलेशन" असं मोघम नव्हे.

मला माहितीये, माझे सहकारी काय म्हणतील. ओपीडीत पन्नास पेशंट असतात, पेशंट पंचवीस किलोमीटरवरून एसटीने येते, पुन्हा येईल की नाही याचा भरवसा नसतो, एकदाच काय ते मोकळं करून पाठवलेलं बरं वाटतं. ही अडचण खोटी नाही. पण पंचवीस किलोमीटरचं दुसऱ्यांदा भाडं आणि एक वाढणारा गर्भ, यांची तुलना पेशंटला करू द्या. तिला दोन्ही बाजू सांगितल्या तर ती येते. माझ्याकडे तरी येतात. मापं लिहायला एक मिनिट लागतं, आणि ठोके शोधताना पडद्यावर अर्धा मिनिट स्थिर नजर ठेवायला अर्धाच मिनिट लागतो.

आणि मेडिकलवाल्या भावांनो, या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. समोरचा माणूस "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणतो तेव्हा चिठ्ठी मागा. त्या पाकिटातली पहिली गोळी गिळल्यावर "थांबा, पुन्हा बघू" म्हणायची सोय उरत नाही.

कोणाच्या घरात आत्ता हा प्रश्न असेल तर रिपोर्टावर ती चार मापं शोधा. नसतील तर जिथे सोनोग्राफी केली तिथे परत जाऊन लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. कमेंटमध्ये रिपोर्टाचे फोटो टाकू नका, त्यावर नाव-पत्ता असतो. आणि फोटो बघून मी निदान करणार नाही, करूही नये. प्रश्न मात्र जरूर विचारा, जमेल तशी उत्तरं देते.